नागावचा बंगला, गोव्याचा तलाव : बुकिंगचे पैसे गेले ते असे

माझ्या मावसभावाने नाताळच्या सुट्टीसाठी अलिबागजवळ नागावला एक बंगला बुक केला. वेबसाइट छान होती. पोहण्याचा तलाव, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, चार खोल्या असे सगळे फोटो होते. फोनवरचा माणूस अदबीने बोलला, "सर, डिसेंबर आहे, अर्धी रक्कम भरलीत तरच तारीख अडवून ठेवता येईल." दादाने यूपीआयवरून अठरा हजार भरले आणि पावतीही आली. दोन कुटुंबं, म्हातारी मावशी आणि लहान मुलं घेऊन ते पोचले, तर नकाशातल्या खुणेवर सुपारीची वाडी. वाडीवाल्या काकूंनी सांगितलं, असे लोक याआधीही येऊन गेलेत. त्या माणसाचा फोन बंद होता.

रात्री दादाने मला ती लिंक पाठवली. पुढचं लिहितोय ते यासाठी की पैसे भरण्याआधी हेच कोणालाही करून बघता येतं.

त्या साइटवर फोटोवर बोट दाबून धरलं तरी काही होत नव्हतं, म्हणून स्क्रीनशॉट काढला, वरची अक्षरं आणि लोगो कापून टाकले आणि तलावाचा तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. दिसायला सारखे तलाव ढिगाने आले, पण ते बिनकामाचे. बघायचं असतं ते 'Exact matches', म्हणजे नेमका तोच फोटो आणखी कुठे आहे ते. तिथे काहीच नव्हतं. फोटो शोधून देणाऱ्या tineye.com वरही शून्य. बहुतेक जण इथे थांबतात आणि फोटो खरा आहे असं धरून चालतात.

मी फोटो मोठा करून नीट पाहिला. मागे उभ्या असलेल्या गाडीचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. भिंतीवरच्या लाल अग्निशामक नळकांड्यावरची अक्षरं उलटी होती. फोटो आरशातल्यासारखा फिरवलेला होता! असा फोटो शोधयंत्राला अनेकदा ओळखू येत नाही, आणि चोरांना ते पक्कं ठाऊक असतं. बहुतेक मोबाइलच्या गॅलरीतच फोटोची डावी-उजवी बाजू उलटवायची सोय असते. तो सुलटा करून पुन्हा शोधला आणि लगेच सापडला. उत्तर गोव्यातला एक व्हिला, वेगळ्याच नावाने, दोन-तीन बुकिंग साइटवर. टिनआयवर 'Oldest' असा क्रम लावला तर त्याची सर्वांत जुनी नोंद बरीच वर्षांपूर्वीची निघाली. ती तारीख फोटो काढल्याची नसते, टिनआयला तो पहिल्यांदा कधी दिसला त्याची असते. तरी नागावची साइट त्या हंगामातलीच होती, एवढं पुरे होतं. झोपायच्या खोलीचा फोटो आणखी तिसऱ्याच ठिकाणचा निघाला. म्हणून एकच देखणा फोटो तपासू नका. न्हाणीघर, जिना, स्वयंपाकघर असे साधे फोटोही शोधा, आणि शून्य आलं की उलटवून पुन्हा शोधा.

फोटो दुसरीकडे सापडला म्हणजे चोरीचाच, असंही नाही. खरा मालक आपले फोटो दहा साइटवर टाकतोच. प्रत्येक ठिकाणी नाव आणि गाव तेच असेल तर काळजी नाही. तोच तलाव एकीकडे गोव्यात आणि दुसरीकडे नागावात असेल तर मात्र पैसे भरू नका.

याहून अवघड प्रकारही आहे. काही भामटे एखाद्या खऱ्या रिसॉर्टचं नाव, पत्ता, फोटो सगळं जसंच्या तसं उचलतात आणि फक्त फोन नंबर व क्यूआर कोड आपला लावतात. तिथे फोटो शोधून काहीच कळत नाही, कारण सगळं जुळतं. मग नंबर जुळवायचा. जुन्या बुकिंग साइटवर मालकाचा जो नंबर असेल त्यावर फोन करून "ही साइट तुमचीच का?" असं थेट विचारायचं. गूगल मॅपवरच्या एकट्या नंबरावर विसंबू नका, तो बाहेरच्या माणसाला बदलता येतो. आणि फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आले असतील, वेबवर कुठेच नसतील, तर शोधात काही मिळणारच नाही. तेव्हा व्हिडिओ कॉल लावून गेटपासून तलावापर्यंत चालत दाखवायला सांगा.

दादाने त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळायची आशा, म्हणून घरी परतेपर्यंत थांबू नका. आमचे अजून मिळालेले नाहीत.

गोव्याच्या मालकीणबाईंना मी सगळं कळवलं. त्यांना या प्रकाराचा पत्ताच नव्हता. फोटो त्यांचे, म्हणून ते काढून टाका अशी हक्काची तक्रार त्याच करू शकत होत्या. ती साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंग कंपनीकडे त्यांनी मूळ फोटोंसह तशी तक्रार केली आणि साइट बंद झाली. तोच उलटा तलाव आता काशिदच्या नावाने दुसऱ्या साइटवर आला आहे. तिचीही तक्रार त्यांनी केली आहे.