फोटोच्या पोटातली खूण: आठ महिने तपासून आलेला अनुभव

दादरला आमचा छोटा दिवाळी अंक निघतो. फोटो आणि चित्रं निवडायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या अंकात पावसातल्या गिरगावचा एक फोटो आम्ही पूर्ण पान छापला. अंक स्टॉलवर गेला आणि आठवड्याभरात ठाकूरद्वारच्या एका वाचकाचं पत्र आलं. फोटोतल्या दुकानाची पाटी वाचून बघा, त्यावरचं एकही अक्षर कुठल्याच भाषेतलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी भिंग घेऊन बसले. त्यांचं म्हणणं खरं होतं. पाटीवर शिरोरेषा होती, काने-मात्रे असल्यासारखं काहीतरी होतं, पण अक्षर एकही नव्हतं. फोटो यंत्राने, म्हणजे एआयने, तयार केला होता आणि तो आम्ही छायाचित्र म्हणून, मानधन देऊन छापला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे येणारी प्रत्येक फाइल मी तपासते. एआयने केलेल्या चित्रांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात असं ऐकलं होतं, त्यांच्या भरवशावर किती राहता येतं ते मला बघायचं होतं. खुणा तीन जातींच्या असतात आणि तिन्हींचा भरवसा वेगवेगळा आहे.

सगळ्यात साधी खूण म्हणजे फाइलच्या मेटाडेटात, चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, लिहिलेली एक ओळ. वृत्तछायाचित्रांसाठी आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या संस्थेने ठरवलेल्या रकान्यांमध्ये ‘डिजिटल सोर्स टाइप’ नावाचा एक रकाना आहे, आणि चित्र संपूर्णपणे एआय मॉडेलने काढलं असेल तर त्यात trainedAlgorithmicMedia असं लिहिलेलं सापडतं. ते बघायला एक्झिफटूल हे फुकट मिळणारं साधन पुरतं:

```
exiftool -G1 -a -s photo.jpg
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType photo.jpg
```

दुसरी खूण सी-टू-पी-ए ची. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये एकत्र येऊन हे मानक सुरू केलं. यात फाइलच्या आत एक छोटा जबाब असतो: चित्र कुठल्या साधनाने बनवलं आणि नंतर त्यात काय बदललं. त्या जबाबावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि चित्राच्या डेटावरून काढलेला हॅश नावाचा आकडाही त्यात नोंदलेला असतो. म्हणजे कुणी पिक्सेल बदलले की हॅश जुळत नाही आणि तपासणाऱ्याला ते कळतं. साधी ओळ कुणीही लिहू शकतं, स्वाक्षरीची नक्कल सहज होत नाही. हा फरक मला पुढे फार उपयोगी पडला. तिसरी खूण पिक्सेलमध्येच मिसळलेला अदृश्य वॉटरमार्क. तिच्याकडे नंतर येते.

पहिल्या महिन्यातच मी एक साधी चाचणी केली. मॉडेलकडून एक चित्र तयार करून घेतलं. त्यात ओळही होती आणि स्वाक्षरीही. तेच चित्र स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवलं, मग तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, आणि शेवटी स्क्रीनशॉट काढला. फोटो म्हणून गेलेल्या प्रतीत काहीच उरलं नाही, ओळ गेली आणि स्वाक्षरीही गेली. स्क्रीनशॉटचं तेच झालं. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल मात्र जशीच्या तशी पोचली. याचं कारण सरळ आहे. फोटो म्हणून पाठवताना ॲप चित्र लहान करून नव्याने जेपेग बनवतं आणि त्या नव्या फाइलमध्ये जुना मेटाडेटा घेत नाही. यात कुणाचा लबाडीचा हेतू असायची गरजच नसते. आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो याच वाटेने येतात, म्हणजे खुणा आमच्यापर्यंत पोचण्याआधीच पुसल्या गेलेल्या असतात.

गिरगावचा तो फोटोही मी बाहेर काढला. ऑफिसातली प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली होती, तिची लांब बाजू १६०० पिक्सेल. तिन्ही तपासण्या केल्या, एकही खूण सापडली नाही. पाठवणाऱ्याला मूळ फाइल मागितली तर म्हणाला, “ताई, तो फोन मी बदलला.” पाटीवरच्या त्या अक्षरांमुळे मला आजही शंका नाही, पण खुणांच्या आधारावर मी काहीही सिद्ध करू शकत नाही. खूण नसणं म्हणजे फोटो खरा असणं नव्हे, हे मला कुठल्याही लेखापेक्षा या एका फाइलने जास्त शिकवलं.

उलट बाजूचा अनुभव मार्चमध्ये आला. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका चाळींचे फोटो काढतात. त्यांनी आकाशकंदिलांच्या रांगेचा एक सुंदर फोटो ईमेलने पाठवला, मूळ आकारात. एक्झिफटूलमध्ये कॅमेऱ्याचं नाव, लेन्स, शटरचा वेग, सगळं नीट होतं. आणि ‘डिजिटल सोर्स टाइप’च्या रकान्यात लिहिलेलं होतं compositeWithTrainedAlgorithmicMedia, म्हणजे मॉडेलचं काम मिसळलेलं चित्र.

मी फोन केला. “काका, या फोटोत काही बदल केलाय का हो?”

“मी नाही केला. भाच्याने वरच्या केबलच्या तारा काढल्या, तेवढंच. का गं, काय झालं?”

भाच्याने फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलने तारा पुसल्या होत्या. आकाशाचा एक पट्टा मॉडेलने भरला आणि फाइलवर तशी नोंद झाली. नोंद खोटी नव्हती, पण ती बदल झाला एवढंच सांगत होती, किती झाला ते नाही. तारा पुसल्या काय आणि अख्खी चाळ नवी उभी केली काय, रकान्यात तोच शब्द येतो. २०२४ मध्ये मेटाने अशाच नोंदींवरून फोटोंना ‘मेड विथ एआय’ असं लेबल लावायला सुरुवात केली, तेव्हा जगभरच्या छायाचित्रकारांनी तक्रारी केल्या आणि त्यांना ते लेबल बदलून ‘एआय इन्फो’ करावं लागलं. काकांना मी मूळ फाइल मागितली. त्यांनी ती तारांसकट पाठवली.

त्याच सुमारास मी आणखी एक गोष्ट करून बघितली. माझ्या स्वतःच्या, शिवाजी पार्कवर काढलेल्या खऱ्या फोटोत एक्झिफटूलने trainedAlgorithmicMedia ही ओळ लिहिली. एका आज्ञेत ती लिहून झाली. म्हणजे कुणाला एखाद्या छायाचित्रकाराचं नाव खराब करायचं असेल तर ही ओळ पुरावा म्हणून दाखवणं अवघड नाही. म्हणून नुसत्या ओळीवरून मी आता कुणालाही खोटं ठरवत नाही. स्वाक्षरी असेल तरच ती ओळ पुरावा धरते, आणि स्वाक्षरी सी-टू-पी-ए च्या साधनाने, `c2patool photo.jpg` चालवून, वेगळी तपासते. तिथे assertion.dataHash.mismatch असं आलं तर जबाब फाइलमध्ये आहे, पण जबाबानंतर चित्र बदललंय, असा त्याचा अर्थ. एखाद्याने साध्या एडिटरमध्ये कडा कापल्या तरी असं होऊ शकतं, तेव्हा तेही लबाडीचं लक्षण नाही.

आता वॉटरमार्क. हा फाइलच्या पाकिटात नसतो, चित्रातच असतो, त्यामुळे मेटाडेटा गेला तरी तो टिकावा अशी अपेक्षा असते. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीच्या कोडमध्ये असा एक वॉटरमार्क होता. तो StableDiffusionV1 ही १७ अक्षरं, म्हणजे १३६ बिट, चित्राच्या वारंवारतांमध्ये लपवतो. ते वाचायचा कोड कुणालाही मिळतो:

```
import cv2
from imwatermark import WatermarkDecoder
bgr = cv2.imread('test.png')
d = WatermarkDecoder('bytes', 136)
print(d.decode(bgr, 'dwtDct'))
```

मूळ पीएनजीवर शब्द स्वच्छ वाचता आला. मग चित्र छपाईसाठी मोठं केलं, कारण ५१२ पिक्सेलचं चित्र पानावर वापरताच येत नाही, आणि पुन्हा कोड चालवला. शब्द गेला, नुसता कचरा आला. आकार बदलला की ही पद्धत कोलमडते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा डिकोडर ‘वॉटरमार्क नाही’ असं कधीच सांगत नाही. १३६ बिट मागितले की तो १३६ बिट देतोच, चित्र खरं असलं तरी. म्हणून किती बिट जुळतात ते मोजावं लागतं. योगायोगानेच निम्मे, म्हणजे साधारण ६८ बिट जुळतील, तेव्हा ७० जुळले यात काहीच विशेष नाही. शिवाय हा वॉटरमार्क टाकणारी ओळ उघड्या कोडमध्ये आहे, ज्याला नको असेल तो ती काढून टाकतो.

गूगलचा सिंथआयडी हा वॉटरमार्क यापेक्षा खूप कणखर निघाला. २०२३ मध्ये तो आला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून जेमिनी ॲपमध्ये चित्र चढवून तो तपासता येतो. गूगलच्या साधनाने केलेलं एक चित्र मी व्हॉट्सॲपवरून फिरवलं, कडा कापल्या, उजेड वाढवला, तरी खूण सापडली. या एका बाबतीत माझा अनुभव मनापासून चांगला आहे. पण ही तपासणी फक्त गूगलच्या खुणेची. दुसऱ्या मॉडेलच्या चित्रात ती सापडणार नाही आणि त्यावरून ते चित्र खरं ठरत नाही. आणि खरा फोटो त्याच साधनात टाकून थोडा उजळून घेतला तर त्यावरही खूण बसते, म्हणजे काकांच्या तारांचा प्रश्न इथेही तसाच राहतो. चित्रात थोडा नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळून ते दुसऱ्या मॉडेलकडून नव्याने साफ करून घेतलं तर अदृश्य वॉटरमार्क पुसता येतात, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. त्यामुळे ज्याला मुद्दाम फसवायचंय त्याला ही खूण अडवेलच असं मी धरत नाही.

२०२६ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडच्या आयटी नियमांमध्येही अशा चित्रांवर दिसेल असं लेबल, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे कायमचा मेटाडेटा, अशी तरतूद आली आहे. ती मला हवीच होती. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत मेटाडेटा उरलेलाच नसतो तेव्हा मला तिचा उपयोग होत नाही.

आता फोटो मागवतानाच मी लिहिते की मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. स्वाक्षरीसकट खूण सापडली तर तो यंत्राचा पुरावा म्हणून धरते आणि पाठवणाऱ्याशी बोलते. काहीच सापडलं नाही तर निर्णय घेत नाही, दुसरी चौकशी सुरू करते.

परवा लालबागच्या एका मुलाने हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या बसचा फोटो पाठवला. फाइल मूळ होती, खूण एकही नव्हती, आणि फोटो इतका देखणा होता की माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याला सांगितलं, “याच्या आधीचे आणि नंतरचे फोटो असतील तर तेही पाठव.” त्याने त्याच मिनिटातले पाच पाठवले. एकात बस अर्धीच आली आहे, दुसऱ्यात कुणाची तरी छत्री मध्ये येते, तिसऱ्यात लेन्सवर पाण्याचा थेंब आहे. मागच्या औषधाच्या दुकानाची पाटी पाचही फोटोंमध्ये नीट वाचता येते. तो फोटो यंदाच्या अंकात घेतलाय, काकांच्या तारांसकटच्या चाळीसमोरच्या पानावर.