परत आलेला कुकर कोणत्या भावाने आत घ्यायचा?

भांड्यांच्या एका घाऊक दुकानात कुकरच्या नफ्यात 1,200 रुपये कमी दिसत होते. चोरी नाही, तूट नाही, मोजलेले नगही बरोबर. फक्त परत आलेल्या आठ कुकरांना सॉफ्टवेअरने भलत्याच लॉटचा भाव लावला होता. फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरणारी पद्धत, वापरणाऱ्यांपुढे इथे दोन-तीन वाटा असतात आणि कोणती धरायची हे सॉफ्टवेअर बसवतानाच ठरवावं लागतं, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो.

पहिला लॉट 40 नगांचा, 800 रुपयांनी. दुसरा 60 नगांचा, 950 ने. दोन्ही आल्यावर पहिल्या बिलात 40 नग गेले आणि जुना लॉट संपला. दुसऱ्या बिलात 20 गेले, म्हणजे सगळे 950 वाले. या दुसऱ्या गिऱ्हाइकाने 8 कुकर परत पाठवले. विक्रीचा भाव सरसकट 1,200.

परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करताना मूळ बिल जोडलं, तर सॉफ्टवेअर ते नग ज्या भावाने बाहेर गेले त्याच भावाने, 950 ने, आत घेतं. विकलेल्या मालाच्या खर्चातून 7,600 वजा होतात, खर्च 43,400 राहतो आणि नफा 19,000.

त्या दुकानात क्रेडिट नोट मोकळीच केली होती. कोणत्या बिलातला माल आला हे कळायला मार्ग नाही, म्हणून सॉफ्टवेअरने सर्वांत जुना लॉट उचलला. 800 ने फक्त 6,400 वजा झाले. खर्च 44,600, नफा 17,800, आणि अखेरचा साठाही 45,600 ऐवजी 44,400. जीएसटी विक्रीच्या भावावर असल्याने तिकडे सगळं जुळतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. खूण एकच: संपलेला लॉट पुन्हा जिवंत होतो. लॉटवार साठ्यात 800 चे आठ नग दिसले, तेव्हा कुठे गाठ सुटली.

पुढे ते आठ नग विकले की खर्च 1,200 ने कमी पडतो आणि हिशेब आपोआप जुळतो, असं सांगणारे भेटतात. खरं आहे, पण माल मार्चमध्ये परत आला आणि मेमध्ये विकला, तर एका वर्षाचा नफा दुसऱ्या वर्षात गेला त्याचं काय?

काही दुकानांत मूळ बिल न शोधता आजचा खरेदी भाव हाताने टाकतात. समजा मध्यंतरी 1,020 चा लॉट आला असेल, तर 8,160 वजा होतील. आता चूक उलट्या बाजूला: नफा 560 ने फुगला आणि साठाही. मला ही वाट अजिबात पसंत नाही, कारण फुगलेला नफा पाहून कुणी तक्रार करत नाही.

राहिली वेटेड ॲव्हरेज, म्हणजे सगळ्या नगांना एकच सरासरी भाव. 100 नगांचे 89,000, म्हणजे नगाला 890. लॉटच नाहीत, तर चुकीचा लॉट निवडला जाणार कसा! 52 नगांचा निव्वळ खर्च 46,280 येतो. फिफोपेक्षा जास्त, पण ही चूक नव्हे, पद्धतीचा फरक आहे. मात्र विक्री आणि परतीच्या मध्ये नवी खरेदी झाली असेल, तर सरासरी हलते. तेव्हा परत माल नव्या सरासरीने घेतला तर इथेही थोडा फरक पडतोच. साठ्याचं मूल्य ठरवणाऱ्या एएस-2 या हिशेबी मानकाला दोन्ही पद्धती चालतात, पण त्याच विषयावरचं आयकराचं मानक आयसीडीएस-2 ज्यांना लागू आहे त्यांना सबळ कारणाशिवाय पद्धत बदलता येत नाही. एका परतीपायी पद्धत बदलायला जाऊ नका.

भाव सतत चढे असतील आणि बिलं सापडत असतील, तर फिफोच ठेवा, पण मूळ बिलाशिवाय क्रेडिट नोट सेव्हच होऊ देऊ नका. किरकोळ दुकानदार चार महिन्यांचा माल एकाच गाठोड्यात आणून टाकत असतील आणि बिल शोधणं शक्यच नसेल, तर नवं दुकान सुरू करताना सरासरीच बरी. चालू दुकानात निदान त्या गिऱ्हाइकाच्या त्या मालाच्या शेवटच्या विक्रीचा खर्च-भाव घ्या. आणि पोचा पडलेला कुकर खरेदीभावापेक्षा कमीत खपणार असेल, तर तो यातल्या कुठल्याच भावाने नको. तो जेवढ्याला खपेल तेवढीच त्याची किंमत.

सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर चाचणी करा. दोन भावांचे दोन लॉट, दोन बिलं, मग दुसऱ्या बिलातला सगळा माल परत. खर्चाचा आकडा दुसऱ्या बिलाआधी होता तिथे पैशापैशाने आला पाहिजे. तसाच दुसरा प्रयोग मूळ बिल न जोडता करून बघा. सॉफ्टवेअर अडवतं की गुपचूप जुना लॉट उचलतं, ते तिथेच दिसेल.