रोज रेटिनॉइड की स्किन सायकलिंग?

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ व्हिटनी बो यांनी 2022 च्या सुमारास लोकप्रिय केलेलं स्किन सायकलिंग म्हणजे चार रात्रींचं चक्र: पहिल्या रात्री ॲसिडचं एक्सफोलिएशन, म्हणजे मृत त्वचेचा थर काढणं, दुसऱ्या रात्री रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए गटातलं क्रीम, मग दोन रात्री नुसतं मॉइश्चरायझर. दुसरा जुना मार्ग म्हणजे रेटिनॉइड हळूहळू वाढवत रोजवर नेणं. मी दोन्ही केलंय.

रोजच्या पद्धतीत परिणाम बहुधा लवकर दिसतो. मुरुमांसाठी डॉक्टरांनी ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन यांसारखं रेटिनॉइड रोज लावायला सांगितलं असेल, तर चक्राच्या नादाने ते आठवड्यातून दोनदावर आणू नये. तिथे सातत्यच औषधाचं काम करतं. तेलकट, सोशीक त्वचेलाही चक्राची फारशी गरज नाही.

माझं मन वळलं ते एका कटकटीमुळे. रोज रेटिनॉइड आणि अधूनमधून ॲसिड चालू असताना माझ्या नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोलवटायचे. साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरायचं. ही त्वचेचं संरक्षक आवरण दुखावल्याची खूण. पण दोष कुणाचा, ॲसिडचा की रेटिनॉइडचा, ते काही केल्या कळेना. चक्रात मध्ये मोकळ्या रात्री असल्यामुळे माग काढणं सोपं जातं. ॲसिडच्या दुसऱ्या दिवशीच चुरचुरलं, तर संशय ॲसिडवर. रेटिनॉइडमुळे सालपटं निघायला मात्र बरेचदा दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर तुम्ही विश्रांतीच्या रात्रींत असता, वर आणखी थर चढवत नसता.

एक अडचण आहेच: चार रात्रींचं चक्र सात दिवसांत बसत नाही, आणि आज कुठली रात्र हा प्रश्न रोज पडतो. मी वार ठरवून टाकले. सोमवारी ॲसिड, मंगळवारी रेटिनॉइड, बुधवार-गुरुवार विश्रांती, शुक्रवारी पुन्हा रेटिनॉइड, शनिवार-रविवार विश्रांती. म्हणजे ॲसिड आठवड्यातून एकदाच, आणि मला तेवढं पुरतं. रेटिनॉइडच्या रात्री चेहरा पूर्ण कोरडा होऊ देतो, नाक-ओठांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवतो आणि मग अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढंच क्रीम. सकाळी सनस्क्रीन दोन्ही पद्धतींत लागतंच.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना, कोरड्या किंवा चटकन लाल होणाऱ्या त्वचेला आणि पूर्वी रेटिनॉइड सोसवेना म्हणून सोडून दिलेल्यांना मी चक्रच सुचवेन. एक्झिमा किंवा रोझेशिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अशा त्वचेला ॲसिडची रात्र मुळातच नको असू शकते. गरोदरपणात किंवा मूल हवं असेल तेव्हा रेटिनॉइड कुठल्याच पद्धतीने नको. आणि काही महिने कुरकुर न होता चक्र चाललं, तर विश्रांतीची एक रात्र रेटिनॉइडला देऊन बघायला हरकत नाही. ॲसिडची रात्र मात्र मी वाढवणार नाही.