लगड चांदीची, पोट शिशाचं

2023 च्या दिवाळीआधी मी अर्ध्या किलोची चांदीची लगड म्हणून एक वस्तू घेतली आणि साडेतीस हजार रुपये घालवून बसले. न तपासता घेतली असती तर हे लिहिलंच नसतं. मी तपासली होती, आणि ती पासही झाली होती.

भाच्याच्या ओळखीतून एक माणूस घरी आला. आईचं ऑपरेशन आहे, वडील हुपरीला दागिन्यांच्या कामावर होते, त्यांनी जपून ठेवलेली चांदी विकायची आहे, म्हणाला. दिवस रविवारचा, सराफांची दुकानं बंद, आणि त्याला रात्रीची गाडी गाठायची होती. भाव बाजारापेक्षा थोडा कमी.

मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. लगड भरली 498 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला. लगड दोऱ्याला बांधून, पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशी पाण्यात धरली. काट्यावर 48 आले. जितके ग्रॅम वाढतात तितके घन सेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. 498 भागिले 48 म्हणजे जवळजवळ 10.4. शुद्ध चांदीची घनता 10.5, पितळेची साधारण 8.5, शिशाची 11.3. माझा काटा एकेका ग्रॅमचा, म्हणजे एवढा फरक राहणारच. चुंबक लावला, तो चिकटला नाही. मी पैसे मोजले.

मंगळवारी ओळखीच्या सराफकाकांकडे गेले. त्यांनी लगड हातात घेतली, टकटक केली आणि म्हणाले, "ताई, ही बोलत नाही."

आपल्याकडची खरी लगड आणि माझी, दोन्ही त्यांनी दोऱ्यांवर टांगल्या. दोरा मधोमध नाही, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबी सोडून बांधलेला. छोट्या लाकडी दांडीनं मारलं तर खरी लगड "टिण्ण" करून घुमत राहिली. माझी नुसती "टप्". घरी मीही वाजवून पाहिली होती, पण मुठीत धरून. मुठीत धरलेली खरी चांदीसुद्धा मुकीच राहते.

मग त्यांनी बारीक ड्रिल लावलं. वर पांढरा पातळ मुलामा, त्याखाली पिवळा कीस, म्हणजे पितळ. दोनेक मिलिमीटर आत गेल्यावर कीस एकदम मऊ आणि करडा झाला, ड्रिलला चिकटायला लागला. शिसं. काकांनी कीस ओल्या कागदानं टिपून घेतला आणि मला हात साबणानं धुवायला लावले.

माझं गणित चुकलं नव्हतं. घनता सगळ्या वस्तूची मिळून सरासरी सांगते. पितळ चांदीपेक्षा हलकं, शिसं जड. साधारण 31 घन सेंटिमीटर शिसं आणि 17 पितळ एकत्र केलं की बरोबर 498 ग्रॅमच्या आसपास येतं. शिसं 327 अंशांना वितळतं, पितळ कितीतरी वर, म्हणून पितळेच्या पोकळ डबीत शिसं ओतणं सोपं जातं. चुंबकाचं म्हणाल तर पितळ, कासं, चांदी, शिसं यांतल्या कशालाच तो चिकटत नाही. न चिकटणं म्हणजे आत लोखंड नाही, एवढंच.

चुंबकाचा खरा उपयोग काकांनी दाखवला. खरी लगड तिरपी धरून तिच्या सपाट अंगावरून छोटा, ताकदवान निओडिमियम चुंबक सोडला. तो मधातून सरकावा तसा सावकाश उतरला. माझ्या लगडीवरून तो भराभर घसरला. चांदीतून वीज फार सहज वाहते, त्यामुळे सरकता चुंबक तिच्यात प्रवाह निर्माण करतो आणि तेच प्रवाह त्याला अडवतात. पितळेत हा अडथळा बराच कमी, शिशात आणखी कमी. मात्र तांबंही चुंबकाला जवळजवळ चांदीइतकंच अडवतं. तिथे घनता कामाला येते, कारण तांबं 9 च्या अलीकडे थांबतं. म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.

घरी येऊन मी आईची काशाची वाटी आणि पितळेची वाटी पाण्यात मोजली. दोन्ही साडेआठ-पावणेनऊच्या मधे. आपला काटा त्यांच्यात फरक करूच शकत नाही. पण बोटाच्या टोकावर तोलून चमच्यानं हलकेच मारलं की काशाची वाटी कितीतरी वेळ घुमते, पितळेची लवकर विझते. काशात कथील बरंच असतं, घंटा त्याच मिश्रणाच्या ओततात. वाटीला चीर किंवा डाग दिलेला असेल तर मात्र आवाजावर जाऊ नका. आणि अंगठी-पैंजणासारख्या हलक्या वस्तूला हा काटा वापरूच नका. वीस ग्रॅमला फक्त दोन ग्रॅम वाढतात, त्यात एक ग्रॅम चुकला की सगळंच गेलं. शिवाय पोकळ दागिन्यात लाख किंवा हवा असते.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. लगड भोक पडलेल्या अवस्थेत, पिशवीत गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी माळ्यावर ठेवली आहे.