पट्टी जांभळी झाली आणि मला ‘फंगल’ ठरवलं

अंगावरून पांढरं जाण्यावर घरबसल्या तपासणी, अशा जाहिराती मोबाईलवर सतत येतात. त्यातल्याच एकीकडून मी किट मागवलं. डबीत एक पट्टी आणि रंगांचा तक्ता. पट्टी जांभळी झाली, फोटो पाठवला. ‘मॅडम’ म्हणवणारीने लगेच सांगितलं, फंगल आहे. योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि ‘इंटिमेट वॉश’ असा भलामोठा कोर्स गळ्यात मारला.

पट्टी फक्त पीएच दाखवते. यीस्टमध्ये, म्हणजे यांच्या ‘फंगल’मध्ये, पीएच सहसा नेहमीसारखाच, ४.५च्या आत राहतो. जांभळा रंग त्याहून जास्त, म्हणजे उलट यीस्टच्या विरोधातला पुरावा! जास्त पीएच बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्यावर दिसतो, ट्रायकोमोनास या एकपेशीय जंतूच्या संसर्गात दिसतो, आणि पाळीच्या रक्ताने किंवा वीर्यानेही वाढतो. विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

लक्षणंही मी लिहून पाठवली होती: पिवळसर हिरवं, फेसाळ पाणी, घाण वास, लघवीला जळजळ. यीस्टचा स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा असतो, खाज प्रचंड, वास जवळपास नाही. बॅक्टेरियलमध्ये पातळ, राखाडी पांढरं पाणी जातं आणि मासळीसारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. अर्थात नुसत्या वर्णनावर कुणीच छातीठोक सांगू नये, दोन्ही एकत्रही असू शकतात.

त्रास वाढल्यावर जिल्हा रुग्णालयात गेले. डॉक्टर बाईंनी स्राव काचेवर घेतला, त्यात सलाईनचा थेंब टाकला आणि तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली धरला. उशीर केला तर ट्रायकोमोनासचे जंतू हलायचे थांबतात आणि मग ओळखू येत नाहीत. मला दाखवलंसुद्धा: शेपट्या हलवत वळवळणारे ठिपके. हलताना दिसले नाहीत म्हणून नाहीतच असंही नसतं, तेव्हा संशय असेल तर पीसीआरसारखी तपासणी लागते. दुसऱ्या थेंबात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं. यीस्ट असतं तर त्यात बुरशीचे धागे दिसले असते.

औषध मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. बॅक्टेरियलमध्येही हेच चालतं, पण यीस्टवर त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे फ्लुकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल. म्हणजे माझं महागडं क्रीम या जंतूंना मारणारं नव्हतंच. नवऱ्यालाही औषध दिलं, कारण ट्रायकोमोनास संबंधातून पसरतो आणि पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही. दोघांचं औषध संपून त्रास थांबेपर्यंत संबंध नको आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी, असं बजावलं. त्या ‘मॅडम’ने ‘मिस्टरांना काही लागत नाही’ असं लिहून दिलं होतं.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजारांवर मोफत उपचार मिळतात. वॉशची बाटली तशीच पडून आहे. योनीला आतून साबण-वॉश लागतच नाही. पैसे मागितले तर उत्तर आलं, ‘किट उघडल्यावर परतावा नाही.’ चॅट आणि बिल जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.