ड्रिलचा आवाजच आला नाही: फॉल्स सीलिंगमध्ये माझे ५५,९०० रुपये कसे गेले

ही गोष्ट ज्याला सांगावी तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "सर, तुम्ही लिहून दिलं नव्हतं का?" दिलं होतं. दोन पानी पत्र, मिलिमीटरमधल्या मापांसकट. शाळेत तेवीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस आहे मी, 'अंदाजे' हा शब्द मला खपत नाही. तरी फसलो, म्हणून तर लिहितोय. नुसता आगाऊ रक्कम घेऊन पळालेला कंत्राटदार असता तर लिहिलंही नसतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. भिंती चिऱ्याच्या, वर स्लॅब. हॉल २० बाय १२ फूट आणि झोपायची खोली १२ बाय १०, म्हणजे ३६० चौरस फूट. भाव ठरला ११० रुपये फूट, म्हणजे ३९,६००. बारा वॉटचे चौदा पॅनेल लाईट ९,१०० रुपयांना आणि सोळा पॉइंटची वायरिंग ७,२०० रुपयांना. एकूण ५५,९००. ओळखीतल्याने नाव सुचवलं होतं, त्याच्या घरचं सीलिंग मी जाऊन बघितलंही होतं. खालून. खालून सगळीच सीलिंगं छान दिसतात.

भाचा पुण्यात साइट सुपरवायझर आहे. त्याने फोनवर सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं आणि पत्र तयार केलं. त्यातले चॅनेल आणि सेक्शन म्हणजे बोर्ड ज्यावर बसतात त्या सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि क्लीट म्हणजे तो सांगाडा स्लॅबला लटकवायचा लोखंडी तुकडा. मुद्दाम जसंच्या तसं देतोय, कोणाला वापरायचं तर वापरा:

"श्री. … यांस, सप्रेम नमस्कार. सीलिंगचं काम सुरू करण्याआधी पुढील गोष्टी आपसांत स्पष्ट असाव्यात म्हणून हे पत्र.

१. भिंतीलगतचा पेरिमीटर चॅनेल दर ६१० मिमीवर प्लग आणि स्क्रूने बसवावा. भिंती चिऱ्याच्या आहेत, त्यात नुसता खिळा धरत नाही. ड्रिल करूनच प्लग घालावा.

२. स्लॅबला लोखंडी क्लीट अँकर फास्टनरने बसवून त्याला जीआय अँगल लटकवावा. दोन लटकणींतलं अंतर १२२० मिमीपेक्षा जास्त नको. बाइंडिंग वायर, लाकडी गुटका आणि खिळा कुठेही चालणार नाही. स्लॅबला खालून गिलावा आहे, फास्टनर गिलाव्यात न राहता काँक्रीटमध्ये गेला पाहिजे.

३. इंटरमीडिएट चॅनेल १२२० मिमीवर आणि त्याखाली सीलिंग सेक्शन ४५७ मिमीवर. सेक्शनचा पत्रा ०.५५ मिमी जाडीचा असावा.

४. जिप्सम बोर्ड १२.५ मिमी, स्क्रू २५ मिमीचे, दर २३० मिमीला एक. सांध्यावर कागदी टेप लावल्याशिवाय कंपाउंड भरू नये.

५. लाईटची जागा आधी स्लॅबवर आखावी आणि मग सेक्शन टाकावेत, म्हणजे लाईटचं भोक दोन सेक्शनच्या मधोमध येईल. लाईटसाठी सेक्शन कापायचा नाही.

६. हॉलमधलं झुंबर सात किलोचं आहे. ते आणि दोन्ही पंखे थेट स्लॅबच्या हुकला, सीलिंगवर त्यांचा भार एक ग्रॅमही नको.

७. वायर १.५ चौ. मिमी तांब्याची, पाइपातून. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये, नुसती टेप गुंडाळून नव्हे.

८. फ्रेम पूर्ण झाल्यावर, बोर्ड चढवण्याआधी, मला दाखवावी. मी पाहिल्यानंतरच दुसरा हप्ता."

पत्र दिलं तो दिवस ९ फेब्रुवारीचा. कंत्राटदाराने ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "पात्रांव, तुम्ही इंजिनिअर काय? असलं पत्र आमकां कोणच दिना. कांयच चिंता करूं नाकात." मी फुशारलो. खोटं कशाला बोलू. भाच्याने बजावलं होतं, "मामा, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घे." पण समोर हसतमुख उभ्या असलेल्या माणसाला 'सही कर' म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. त्याने दिलेल्या कोटेशनवर एकच ओळ होती: 'फॉल्स सीलिंगचे काम, लाईटसह, संपूर्ण.' कायद्याच्या दृष्टीने आमच्यातला कागद म्हणजे ती ओळ. माझी आठ कलमं त्याच्या खिशातून बहुधा धोब्याकडे गेली.

आता तो दिवस. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला शाळेतून आलो तर शेजारच्या काकी फाटकापाशी होत्या. म्हणाल्या, "तुमचं काम किती शांत चाललंय हो, नाहीतर आमच्याकडे लावलं तेव्हा ड्रिलने कान किटले होते." मी काय केलं? हसलो. आमचा माणूस चांगला आहे, असंही म्हणालो!

हिशेब करा. हॉलला पाच ओळी गुणिले तीन, पंधरा लटकणी. झोपायच्या खोलीत नऊ. दोन्ही खोल्यांचा घेर मिळून १०८ फूट, दर ६१० मिमीला एक म्हणजे चौपन्न. अठ्ठ्याहत्तर भोकं. चिऱ्यात आणि काँक्रीटमध्ये अठ्ठ्याहत्तर भोकं शांतपणे पडत नाहीत. पोरांना फळ्यावर गुणाकार शिकवणाऱ्या माणसाला हा गुणाकार त्या फाटकापाशी सुचला नाही.

घरात गेलो तर हॉलचे बोर्ड चढलेलेच. मी विचारलं, फ्रेम दाखवणार होता ना? "तुम्ही शाळेंत आसले, पोरांक थांबोवप कशें? फोटो धाडला मगे." फोटो खरंच आला होता. झकास क्लीट, झकास फास्टनर, सरळ रेषेत अँगल. तो पाहून मी २०,००० रोख दिले, पावती न घेता. आगाऊ ३०,००० मोबाइलवरून गेले होते, उरलेले ५,९०० शेवटच्या दिवशी, तेही रोख.

तो फोटो पुढे चार महिने माझ्या फोनमध्ये होता. फोटोतला स्लॅब करडा आहे, उघड्या काँक्रीटचा, शटरिंगच्या फळ्यांचे वळ दिसताहेत. आमच्या स्लॅबला गिलावा आणि त्यावर पांढरा डिस्टेंपर. दुसऱ्याच कुणाच्या नव्या घराचा फोटो! एवढा ढळढळीत फरक, आणि मी क्लीट मोजत बसलो. सौ. आता येताजाता विचारते, "अहो, आपला स्लॅब पांढरा ना?"

जूनमध्ये पाऊस लागला. दुसऱ्या आठवड्यात झुंबराभोवती केसाएवढी भेग आली. मग सांध्यांवर सरळ रेषा उमटल्या, बोर्ड किती मापाचे ते खालून मोजता येईल इतक्या स्पष्ट. महिनाअखेर हॉलचा मध्य खाली आला. त्याला फोन केला तर म्हणाला, पावसात असं होतंच, दमट हवा. हवेवर ढकलणं गोव्यात फार सोपं आहे.

तुमच्याकडे असं झालं तर सीलिंग फोडायची गरज नाही. आधी मेन स्विच बंद करा, एक पॅनेल लाईट खाली ओढा. दोन स्प्रिंगवर असतो, अलगद येतो. त्या सहा इंची भोकातून मोबाइल वर घालून व्हिडिओ चालू करा आणि हात चहूकडे फिरवा. मी तसं केलं. दिसलं ते असं: स्लॅबच्या गिलाव्यात ठोकलेले खिळे, त्यांना पीळ देऊन बांधलेली बाइंडिंग वायर, तिच्यावर लाल गंज. एक खिळा तर गिलाव्याच्या टवक्यासकट खाली बोर्डवर येऊन पडलेला. लाईटच्या भोकासाठी सेक्शन सरळ कापलेला, त्याची दोन्ही टोकं अधांतरी. झुंबर प्लायच्या तुकड्याला आणि तो प्लाय सीलिंग सेक्शनला, म्हणजे सात किलो त्या खिळ्यांवर. वायरींचे जोड टेपने गुंडाळून बोर्डवर आडवे टाकलेले. टेपचा डिंक दमट हवेत सुटून टेप उलगडली होती. त्याखाली आम्ही चार महिने टीव्ही पाहिला.

पत्र्याचा तुकडा गॅरेजवाल्याकडे नेऊन मायक्रोमीटरने मोजला. ०.३५. माप नसेल तर बोटांनीही कळतं: सेक्शनची कड दोन बोटांत दाबा, हलक्या पत्र्याची सहज वाकते.

पोलिसांकडे गेलो. अर्धा तास बाकावर बसवलं आणि मग 'हे सिव्हिल मॅटर'. म्हटलं, दुसऱ्याच्या घराचा फोटो दाखवून पैसे उकळले, हे सिव्हिल कसं? साहेब म्हणाले, "काम झालंय ना? मग फसवणूक कुठे?" पंचायतीत गेलो. तिथे मलाच विचारलं, सीलिंग करायला परवानगी घेतली होती का! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाच दिवसांनी 'समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही' म्हणून बंद. पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद, याखेपेस तीन दिवसांत. म्हणजे उत्तर दिलं नाही की प्रकरणच मिटतं. हा नियम आमच्या वर्गात लावला तर एकही पोरगा नापास होणार नाही. एका कार्यालयात तर बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले ना?" हे वाक्य मी या वर्षात निदान आठ जणांकडून ऐकलंय. शिकलेल्याला फसवणं गुन्हा नसतं की काय?

शेवटी वकिलाने सांगितलं, ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण पुढचाच प्रश्न, त्याची सही असलेला कागद आहे का? आणि मी सीलिंग उतरवायच्या घाईत होतो, तेही वकिलाने थांबवलं. पुरावा उतरवून टाकू नका. आधी त्रयस्थ इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्या, व्हिडिओ त्याच्यासमोर काढा. झुंबर मात्र मी त्याच दिवशी उतरवलं, त्याला वाट पाहत बसू नका.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याकडून काम करून घेतलं. जुने लाईट तेवढे वापरता आले, म्हणजे निव्वळ ४६,८०० मातीत. या वेळी तीच आठ कलमं, प्रत्येक पानावर सही, आणि हप्ता फक्त बँकेतून. फ्रेमच्या दिवशी रजा टाकली, स्टूल घेऊन हॉलमध्ये बसलो आणि भोकं मोजली. प्रत्येक लटकणीला हाताने ओढून पाहिलं, दोन सैल निघाल्या, त्या बदलून घेतल्या. काकी दुपारी आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या.

आयोगात तक्रार दाखल आहे. पहिल्या तारखेला तो आला नाही. नोटिशीवरचा पत्ता बंद खोलीचा निघाला, तो म्हणे भाड्याचा होता. तेव्हा काम देण्याआधी माणसाच्या आधारकार्डावरचा नाही, तर तो आज राहतो तो दरवाजा बघून या.