आठ महिने img2table वापरल्यावर: मर्ज झालेले हेडर परत उभे करताना

माझ्याकडे टेबलं येतात ती स्क्रीनशॉटच्या रूपात. कोणीतरी जुना कागद स्कॅन करतं, तो स्कॅन दुसरं कोणीतरी स्क्रीनवर उघडतं आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवतं. मूळ फाइल मागितली तर "हीच आहे" असं उत्तर येतं. पहिले काही आठवडे मी हाताने टाइप करत होतो, मग कंटाळून पायथनची img2table ही लायब्ररी घेतली. ती टेबलाच्या रेषा OpenCV ने शोधते आणि अक्षरं वाचायचं काम Tesseract सारख्या ओसीआरकडे सोपवते. मोठं मॉडेल लागत नाही, साध्या लॅपटॉपवर चालते. आठ महिन्यांत दोन-अडीचशे टेबलं तिच्यातून काढली असतील.

साध्या चौकोनी टेबलाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते निघतं. खरी परीक्षा दोन मजली हेडरची. नेहमीचा नमुना असा: डावीकडे "केंद्र" आणि "वेळ" हे दोन कॉलम, त्यांची हेडर दोन ओळी उंच. मग "तापमान", त्याच्या खाली "किमान" आणि "कमाल". मग "आर्द्रता", त्याच्याही खाली तेच दोन. खाली मजकुरात प्रत्येक केंद्राचं नाव एकदाच, तीन ओळी व्यापून, आणि त्यासमोर सकाळ, दुपार, संध्याकाळ.

हे टेबल काढलं आणि `table.df` बघितलं की पहिल्या नजरेत सगळं छान दिसतं. मर्ज झालेल्या सेलचा मजकूर लायब्ररी त्याने व्यापलेल्या प्रत्येक जागी पुन्हा लिहिते. म्हणजे पहिली ओळ "केंद्र, वेळ, तापमान, तापमान, आर्द्रता, आर्द्रता" आणि दुसरी "केंद्र, वेळ, किमान, कमाल, किमान, कमाल". केंद्राचं नावही तिन्ही ओळींत. विश्लेषणासाठी हे सोयीचं आहे. पण मला टेबल मूळ कागदासारखं परत उभं करून द्यायचं होतं, आणि मी सरळ नियम लावला: वरच्या सेलमध्ये जे आहे तेच खाली असेल, तर ते मर्ज समज आणि खालचं पुसून टाक.

दोन दिवसांनी एका टेबलात आर्द्रतेच्या कमाल रकान्यात भोकं दिसली. सकाळी ८८, दुपारीही ८८. नोंद खरी होती, दोन वेळा एकच आकडा आला होता, आणि माझ्या नियमाने दुसरा ८८ गिळला. कळलं तेही योगायोगानेच, कारण एका केंद्राच्या तीन ओळींत बारा आकडे हवेत आणि मोजले तर अकरा भरले.

df मध्ये ही माहिती उरतच नाही. दोन सेलमध्ये सारखा मजकूर असणं आणि दोन्ही जागा मिळून एकच सेल असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत आणि df मध्ये त्या सारख्याच दिसतात. फरक `table.content` मध्ये आहे. तिथे प्रत्येक सेलसोबत त्याची चौकट असते, पिक्सेलमध्ये. मर्ज झालेला सेल जितक्या जागी येतो तितक्या जागी चौकट तीच असते.

```python
spans = {}
for r, row in table.content.items():
    for c, cell in enumerate(row):
        b = cell.bbox
        key = (b.x1, b.y1, b.x2, b.y2)
        spans.setdefault(key, []).append((r, c))
```

एका चौकटीखाली एकापेक्षा जास्त जागा जमल्या की तो मर्ज. वरच्या टेबलात "तापमान" ची चौकट आडवी ३५० ते ५३० आणि उभी ३० ते ६२ आली, ती पहिल्या ओळीच्या तिसऱ्या-चौथ्या जागी. म्हणजे दोन कॉलम रुंद, एक ओळ उंच. "केंद्र" ची चौकट उभी ३० ते ९४, म्हणजे दोन ओळी उंच. आणि ते दोन ८८? मजकूर एकच, पण चौकटी एकाखाली एक, वेगळ्या. ते आपोआप वाचले. मजकूर बघून मर्ज ठरवणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

सपाट नावं बनवतानाही हेच कामाला येतं. "तापमान / किमान" असं जोडनाव हवं असतं, पण "केंद्र / केंद्र" नको. वरची आणि खालची चौकट एकच असेल तर नाव एकदाच लिहायचं, वेगळी असेल तर जोडायचं. फक्त एक्सेल फाइल हवी असेल तर हे काही करावं लागत नाही, `to_xlsx` मर्ज जसेच्या तसे ठेवतं. पण ती फाइल पुढे कोणी सॉर्ट करायला गेलं की एक्सेल वेगवेगळ्या आकाराच्या मर्ज सेलांवरून अडून बसतं. म्हणून मी दोन शीट देतो, एक कागदासारखी आणि एक सपाट.

आता खोट्या मर्जबद्दल. यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

A4 कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर रुंदी २४८० पिक्सेल भरते. तोच कागद ९६ डीपीआयच्या हिशेबाने स्क्रीनवर १०० टक्क्यांना दिसतो तेव्हा ७९४. लोक तर "पूर्ण पान दिसू दे" म्हणून आणखी लहान करतात. अक्षरं तरीही वाचता येतात, म्हणून पाठवणाऱ्याला काही वाटत नाही. पण टेबलाच्या बारीक रेषा या आकसण्यात फिक्या होतात, काही ठिकाणी तुटतात, आणि नेमकी दोन कॉलममधली उभी रेषा एका ओळीपुरती गायब होते. लायब्ररीच्या दृष्टीने तिथे भिंतच नाही, म्हणजे एकच सेल. त्यात मजकूर येतो "21 34". नंतर प्रतिमा दुप्पट-तिप्पट मोठी करून उपयोग नाही, गेलेली रेषा त्यातून परत येत नाही. म्हणून आता मी पाठवणाऱ्याला एकच विनंती करतो: २०० टक्क्यांवर झूम करा आणि दोन तुकड्यांत स्क्रीनशॉट घ्या, हेडर दोन्हींत येऊ द्या.

तरीही जे येतं त्यात खोटा मर्ज ओळखावा लागतो. माझी पद्धत अशी: हेडरच्या खाली दोन किंवा जास्त कॉलम व्यापणारा सेल दिसला की आधी संशय. मग त्यातल्या शब्दांच्या चौकटी बघायच्या आणि बाकीच्या ओळींवरून कॉलमची सीमा कुठे आहे ते घ्यायचं. वरच्या टेबलात किमान-कमालची सीमा ४४० वर होती. "21" संपतो ४०५ ला आणि "34" सुरू होतो ४७२ ला. मधली ६७ पिक्सेलची पोकळी सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे, त्यामुळे हे दोन सेल आहेत आणि ४४० वर कापायचे.

यात मी एकदा फसलो. एका ओळीत चारही आकड्यांच्या जागी मिळून "उपकरण बंद" असं लिहिलं होतं, खरोखरच मर्ज केलेलं. चार कॉलमच्या मधोमध मजकूर, त्यामुळे दोन शब्दांमधली जागा ५३० च्या सीमेपाशीच आली आणि माझ्या स्क्रिप्टने "उपकरण" तापमानात आणि "बंद" आर्द्रतेत टाकलं. वाचायला मजेदार होतं. आता पोकळी किती मोठी आहे तेही बघतो. शब्दांमधली नेहमीची जागा त्या प्रतिमेत आठ-नऊ पिक्सेल होती; तेवढीच असेल तर ते एकच वाक्य आहे, कापायचं नाही.

रेषा फारच फिक्या असल्या की मी लायब्ररीच्या आधी OpenCV मधून त्या गडद करून घेतो. आडव्या रेषांसाठी लांब, सपाट कर्नल घेऊन ओपनिंग करायचं, म्हणजे त्याहून तोकडं जे असेल ते पुसलं जातं आणि रेषा उरतात. इंग्रजी टेबलांवरची उदाहरणं बघून मी कर्नल ४० पिक्सेलचा ठेवला होता. देवनागरीत तो चालणारच नव्हता, कारण आपली शिरोरेषा! "संध्याकाळी" या एका शब्दाची शिरोरेषा ९५ पिक्सेल सलग भरली आणि रेषा म्हणून गडद झाली. सेलच्या आत अर्धवट भिंती उभ्या राहिल्या. कर्नल सगळ्यात लांब शब्दापेक्षा लांब हवा आणि सगळ्यात आखूड खऱ्या रेषेपेक्षा आखूड. इथे १२० ला जमलं. उभ्या रेषांना हाच न्याय: अक्षरांचे काने साधारण १८ पिक्सेल उंच, ओळीची उंची ३२, म्हणून २५. टेबलात एखादा लांब शब्द आणि एखादा अगदी चिंचोळा वेगळा खण दोन्ही असले तर मधला आकडा मिळत नाही, मग हाताने रेषा काढतो. त्याची आता लाज वाटत नाही.

तिरकेपणाबद्दल थोडक्यात. कागद अर्धा अंशही तिरका असेल तर १२०० पिक्सेलच्या रुंदीत रेषा दहा पिक्सेल खाली येते. `detect_rotation=True` दिलं की हे सुटतं. बांधलेल्या वहीच्या घडीपाशी वाकलेली रेषा मात्र फिरवून सरळ होत नाही.

ज्यात आतल्या रेषाच नाहीत अशा हेडरवर माझ्याकडे अजून पक्का उपाय नाही. मजकूर मधोमध छापलेला असतो, एवढाच धागा. दोन कॉलमवरचं हेडर असेल तर त्याचा मध्य सीमेवरच पडतो, शब्द दोन्ही बाजूंना सांडतो, म्हणून ओळखू येतं. तीन कॉलमवरचं हेडर मात्र मधल्या कॉलमच्या डोक्यावर इतकं नीट बसतं की ते त्या एकाचंच वाटतं, आणि दोन्ही बाजूंचे कॉलम बिनहेडरचे राहतात. मग मी खालची ओळ बघतो. "किमान, सरासरी, कमाल" असा क्रम पुन्हा पुन्हा येत असेल तर तीन-तीनचे गट धरायचे. क्रम येत नसेल तर प्रतिमा मोठी करून हेडरखाली पुसट रेघेचा अंश शोधतो. तोही नसला तर ते हेडर मी मधल्या कॉलमवर तसंच ठेवतो, सेल पिवळा करतो आणि पाठवणाऱ्याला कागद बघून सांगायला लावतो.